दोन शब्दांमधली मोकळी जागा

वाचताना अडखळणाऱ्या मुलाच्या हाती द्यायचा कागद कसा असावा, एवढ्याच प्रश्नावर ही पुस्तिका आहे. त्या मुलाला वाचायला कसे शिकवावे हा याहून मोठा प्रश्न आहे आणि तो येथे घेतलेला नाही. फॉन्ट, अक्षराचा आकार, दोन शब्दांमधले अंतर, दोन ओळींमधले अंतर या गोष्टी शिक्षकाच्या किंवा पालकाच्या हातातल्या आहेत. मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढेसारख्या गावात झेरॉक्सच्या दुकानात संगणक आणि प्रिंटर असला की त्या बसल्या जागी बदलता येतात. अडचण वेगळीच आहे. काय बदलावे याबद्दलचे बहुतेक सल्ले इंग्रजी अक्षरांसाठी लिहिलेले आहेत. ते मराठीसाठी जसेच्या तसे उचलले तर काही वाया जातात आणि एखादा चक्क उलटतो. देवनागरीसाठी बदलांचा क्रमच निराळा लावावा लागतो. आधी अक्षराचा आकार, त्यानंतर ओळींमधले आणि शब्दांमधले अंतर, मग फॉन्ट; आणि अक्षरा-अक्षरांमधल्या अंतराला हात लावायचाच झाला तर सर्वांत शेवटी. हा क्रम असाच का, हे पटवून देण्यासाठी ही प्रस्तावना लिहिली आहे.

अंतराचा मुद्दा चर्चेत आला तो २०१२ मध्ये, इटलीतल्या पादुआ विद्यापीठाचे मार्को झोर्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासामुळे. इटालियन आणि फ्रेंच भाषा वाचणाऱ्या, डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना त्यांनी छोटी वाक्ये दोन प्रकारे छापून वाचायला दिली. एका कागदावर १४ पॉइंटचे नेहमीचे अक्षर होते. दुसऱ्यावर अक्षर तेच, पण दोन अक्षरांमधले अंतर अडीच पॉइंटने वाढवलेले होते आणि त्याला साजेसे शब्दांमधले व ओळींमधले अंतरही वाढवलेले होते. कोणताही सराव न देता मुलांच्या चुका निम्म्यावर आल्या आणि वाचनाचा वेग वीस टक्क्यांहून अधिक वाढला. यामागचे कारण समजून घेतले तर पुढचे सगळे सोपे होते. आपली नजर ज्या अक्षरावर टेकलेली असते ते स्पष्ट दिसते, पण त्याच्या बाजूची अक्षरे एकमेकांच्या गर्दीत अडकतात. एखादे अक्षर एकटे असते तर सहज ओळखू आले असते. शेजारी दुसरे येऊन चिकटले की तेच ओळखू येईनासे होते. हर्मन बौमा या डच संशोधकाने १९७० मध्ये या गर्दीचा ढोबळ नियम मांडला. नजरेच्या केंद्रापासून अक्षर जितके दूर, त्याच्या सुमारे निम्म्या अंतराच्या आत दुसरे अक्षर आले की अडथळा होतो. ही गर्दी सगळ्यांनाच जाणवते, पण डिस्लेक्सिया असलेल्या अनेक मुलांना ती अधिक जाचते. त्यांना दोन अक्षरांच्या मध्यबिंदूंमध्ये जास्त अंतर लागते.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. गर्दी कमी होते ती दोन अक्षरांच्या मध्यबिंदूंमधले अंतर वाढल्याने. ते अंतर दोन मार्गांनी वाढवता येते. अक्षरे एकमेकांपासून फाकवली तरी ते वाढते आणि अक्षर तेवढ्याच प्रमाणात मोठे केले तरी वाढते. इंग्रजी, इटालियन किंवा फ्रेंचमध्ये अक्षरे मुळातच सुटी असल्याने पहिला मार्ग सोपा आहे, म्हणून सल्ला देणाऱ्यांनी तोच उचलून धरला. ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशनच्या मार्गदर्शिकेत अक्षरांमधले अंतर सरासरी अक्षराच्या रुंदीच्या सुमारे ३५ टक्के ठेवावे असे म्हटले आहे, ते रोमन लिपीला लागू पडते. मराठीत दुसरा मार्ग हाती धरावा लागतो.

त्याआधी फॉन्टचे मिथक बाजूला ठेवू. डिस्लेक्सियासाठी खास तयार केलेला फॉन्ट म्हटले की दोन नावे पुढे येतात: ख्रिश्चन बोअर या डच डिझायनरने २००८ मध्ये केलेला Dyslexie आणि २०११ मध्ये मोफत उपलब्ध झालेला OpenDyslexic. दोन्हींमागची कल्पना सारखीच आहे. अक्षराचा तळ जाड ठेवला की ते उलटेपालटे वाटणार नाही आणि b व d यांतला फरक ठळक होईल. कल्पना आकर्षक आहे, पण तपासणीत टिकलेली नाही. OpenDyslexic वापरून मुलांचे वाचन सुधारते का, हे २०१७ मध्ये तपासले गेले तेव्हा वेगात किंवा अचूकतेत फायदा दिसला नाही. Dyslexie बाबत २०१८ चा निष्कर्षही तसाच निघाला. त्याआधी २०१६ मध्ये एव्हा मारिनुस आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग मला सर्वांत बोलका वाटतो. Dyslexie मध्ये मुले एरिअलपेक्षा सुमारे सात टक्के वेगाने वाचत होती. पण एरिअलची अक्षरे व शब्द तितक्याच अंतराने मांडले तेव्हा ही आघाडी नाहीशी झाली. म्हणजे फायदा फॉन्टच्या आकारांचा नव्हताच, त्या फॉन्टमध्ये आधीच भरून ठेवलेल्या मोकळ्या जागेचा होता.

मराठी पालकासाठी तर हा वाद आणखी एका कारणाने मिटतो. OpenDyslexic मध्ये देवनागरी अक्षरेच नाहीत. वर्डमध्ये मराठी मजकूर निवडून हा फॉन्ट लावला की यादीत त्याचे नाव दिसते, पण कागदावर काहीच बदलत नाही. संगणक देवनागरीसाठी गुपचूप आपलाच Mangal किंवा Nirmala UI वापरत राहतो आणि मजकुरात इंग्रजी शब्द असतील तर तेवढेच पालटतात. फॉन्ट बदलला आहे अशा समजुतीने कुणी महिनाभर मुलाचा सराव घेतला, तर तो प्रत्यक्षात जुन्याच कागदाचा सराव असतो.

आता देवनागरीकडे येऊ. आपली लिपी शिरोरेखेने बांधलेली आहे. शब्द कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे वाचकाला रेघ कुठे तुटते त्यावरून कळते. इंग्रजीच्या सल्ल्याप्रमाणे अक्षरे फाकवली की ही रेघ प्रत्येक अक्षरापाशी तुटते. शब्दाची सीमा दाखवणारी खूण शब्दाच्या पोटातच पुन्हा पुन्हा उमटते आणि 'भाकरी' हे एक अखंड रूप न राहता 'भा क री' असे तीन तुकडे दिसतात. आधीच एकेक अक्षर जोडत वाचणाऱ्या मुलाला आपण त्याच सवयीत आणखी ढकलतो. त्यातून काही प्रोग्राम काना किंवा वेलांटीही मूळ अक्षरापासून दूर सरकवतात. तसे झाले तर वाचणारा पट्टीचा असला तरी तोही अडखळेल. ऱ्हस्व वेलांटीचे दुखणे तर निराळेच आहे. ती लिहिली जाते व्यंजनाच्या आधी आणि उच्चारली जाते नंतर. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचकांवर केलेल्या अभ्यासात या क्रमभंगाची किंमत वाचनात मोजावी लागते असे दिसले. अशी वेलांटी आपल्या अक्षराला घट्ट चिकटूनच राहायला हवी.

वेबसाइटच्या सुलभतेसाठी जगभर वापरला जाणारा जो WCAG नियमसंच आहे, त्याच्या २०१८ च्या आवृत्तीत अंतराचे आकडे दिले आहेत: ओळीची उंची अक्षराच्या दीडपट, अक्षरांमधले अंतर ०.१२ पट, शब्दांमधले ०.१६ पट. पण त्याच नियमात अशीही सूट आहे की ज्या भाषेत किंवा लिपीत यांपैकी एखादा गुणधर्म वापरला जात नाही, तिथे तो सोडून उरलेले पाळावेत. इंग्रजीतले आकडे सर्व लिप्यांना सारखे लागू पडत नाहीत हे नियम करणाऱ्यांनीच मान्य केले आहे. आपण मात्र आकडे उचलतो आणि सूट वाचत नाही.

म्हणून मराठीत पहिला उपाय आकाराचा. अक्षर मोठे केले की शिरोरेखेला धक्का न लावता अक्षरांचे मध्यबिंदू दूर जातात. डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना पूर्ण वेगाने वाचण्यासाठी इतर मुलांपेक्षा मोठे अक्षर लागते, हे २००५ मध्ये ओब्रायन, मॅन्सफील्ड आणि लेग यांनी इंग्रजी वाचणाऱ्या मुलांमध्ये दाखवलेले आहे. मराठीला याची गरज अधिक, कारण आपण प्रत्यय शब्दाला जोडून लिहितो. 'विहीर' वाढत 'विहिरीजवळच्यांनासुद्धा' पर्यंत जाते आणि शब्दाच्या पोटातली गर्दी शब्दांमधले अंतर वाढवून कमी होत नाही. शिवाय एकाच पॉइंटात देवनागरी अक्षर रोमनपेक्षा लहान दिसते, कारण वरच्या-खालच्या मात्रांची जागाही त्याच मापात बसवलेली असते. इंग्रजीसाठी १२ ते १४ पॉइंट सुचवले जात असतील तर मराठीत १८ पासून सुरुवात करावी आणि गरज पडल्यास २० किंवा २२ पर्यंत जावे.

बालभारतीच्या पाठासाठी तर संगणकही लागत नाही. पाठ्यपुस्तकाचे पान ए-फोर मापाचे धरून झेरॉक्सवर ए-थ्री कागदावर काढले, तर सगळे १४१ टक्के होते. १४ पॉइंटचे अक्षर जवळजवळ २० पॉइंटचे होते, ओळींमधले आणि शब्दांमधले अंतर त्याच प्रमाणात वाढते, शिरोरेखा शाबूत राहते आणि अक्षराची वळणे पुस्तकातलीच राहतात. ज्याला दुसरे काहीच जमणार नाही त्याने एवढे जरी केले तरी या पुस्तिकेतला निम्मा फायदा त्याच्या पदरात पडेल.

ओळींमधल्या अंतराचे गणित देवनागरीत जास्त नाजूक आहे, कारण आपली लिपी वर-खाली दोन्हीकडे वाढते. वरच्या ओळीतला दीर्घ उकार किंवा ऋकार आणि खालच्या ओळीतला रफार, दोन मात्रा किंवा अनुस्वार एकमेकांना भिडले की नजर ओळ चुकते. मूल ओळ गाळते किंवा तीच ओळ पुन्हा वाचते, त्याचे हे एक साधे कारण असते. यावर 'दीडपट अंतर ठेवा' हा सल्ला सर्रास मिळतो. पण दीडपट कशाच्या? WCAG मध्ये ते अक्षराच्या मापाच्या दीडपट असते. वर्डमध्ये 1.5 निवडले तर ते फॉन्टच्या स्वतःच्या ओळीच्या दीडपट होते आणि मात्रांसाठी जागा ठेवलेली असल्याने देवनागरी फॉन्टची ओळ मुळातच उंच असते. मग ओळी इतक्या लांब जातात की एक ओळ संपवून पुढच्या ओळीचा आरंभ शोधताना मूल हरवते. उलट कुणी Exactly निवडून इंग्रजीचा आकडा घातला तर रफार आणि अनुस्वार वरून कापले जातात. Exactly निवडूनच अक्षराच्या सुमारे १.८ पट आकडा द्यावा, हा मधला मार्ग मला योग्य वाटतो. म्हणजे १८ पॉइंटच्या अक्षराला ३२ किंवा ३३ पॉइंट. तपासायला एक ओळ 'खूप कृपाळू' अशी आणि तिच्याखाली 'मैत्री, पूर्वी, कोंबडी' अशी लिहावी. काही भिडले नाही, काही कापले गेले नाही, तर अंतर बरोबर.

फॉन्ट निवडण्याचा प्रश्न यानंतर येतो आणि तो थोडक्यात सुटतो. नक्षीदार, तिरपा किंवा फार ठळक फॉन्ट नको. देवनागरीत खरी गफलत होते ती ब आणि व, भ आणि म, घ आणि ध, प आणि ष, थ आणि य या जोड्यांत. त्यांतला फरक एखाद्या आडव्या काडीचा किंवा डोक्यावरच्या छोट्या गाठीचा असतो. ठळक अक्षरात ब च्या पोटातली पोकळी भरून जाते आणि व कुठला, ब कुठला हे कळेनासे होते. ख मधले दोन भाग सुटे दिसले की तो 'रव' वाचला जातो. मुंबईच्या एक टाइपने केलेला Mukta किंवा गुगलचा Noto Sans Devanagari हे दोन्ही मोफत आहेत आणि या कसोटीवर उतरतात. आणखी एक बाब आपल्याकडे फारशी कुणी पाहत नाही. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ठरवून दिले. संगणकावर मात्र बहुधा हिंदी वळणाचे ल आणि श येतात. जे मूल एकेक अक्षर आत्ता कुठे पक्के करते आहे, त्याला पुस्तकात एक ल आणि सरावाच्या कागदावर दुसरा ल दाखवणे हा त्याच्यावर विनाकारण लादलेला भार आहे. वर्डमध्ये मजकुराची भाषा मराठी ठरवली की काही फॉन्ट मराठी वळण आपोआप आणतात. छापण्याआधी ल आणि श पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहावेत आणि जुळत नसतील तर दुसरा फॉन्ट घ्यावा.

आता एक कागद प्रत्यक्ष तयार करू. चौथीतल्या मुलासाठी असा मजकूर आहे असे समजा: 'बाबा विहिरीजवळ थांबले. बैल भरपूर पाणी प्यायले. घागर घेऊन आई धावत आली. मग सगळ्यांनी वडाखाली भाकरी खाल्ली.' गफलतीच्या जोड्यांमधली बरीच अक्षरे यात मुद्दाम आणली आहेत. हा मजकूर दुकानातल्या संगणकावर आधीच टाइप केलेला असेल तर प्रथम तो युनिकोडमध्ये आहे का हे पाहावे. अनेक दुकानांत अजून श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप करतात. अशा मजकुराला Mukta लावले की त्याची रोमन अक्षरांची खिचडी होते. ती दिसली तर आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा किंवा चार ओळींचाच असल्यास नव्याने टाइप करावा. मग सगळा मजकूर निवडून Ctrl+D दाबावे. उघडलेल्या चौकटीत फॉन्टचे दोन कप्पे दिसतात, त्यांतल्या Complex scripts या कप्प्यात Mukta आणि 18 भरावे. वरच्या कप्प्यात भरले तर मराठीवर काही परिणाम होत नाही. तो कप्पाच दिसत नसेल तर वर्डच्या भाषा-सेटिंगमध्ये मराठी जोडावी म्हणजे तो येतो. मजकूर Ctrl+L ने डावीकडे लावावा. दोन्ही कडा सरळ करण्याचा मोह टाळावा, कारण त्यासाठी वर्ड शब्दांमधली जागा प्रत्येक ओळीत निराळी ताणतो. ओळीचे अंतर Exactly 32 ठेवावे.

यानंतरची पायरी मराठीसाठी सर्वांत उपयोगाची आहे. शब्दांमधले अंतर वाढवण्यासाठी वर्डमध्ये वेगळे बटण नाही, पण एक सोपी युक्ती आहे. Ctrl+H दाबून Find what मध्ये एक मोकळी जागा द्यावी, Replace with मध्येही एकच मोकळी जागा द्यावी. कर्सर दुसऱ्या रकान्यात असतानाच More, Format, Font, Advanced असे जाऊन Spacing ला Expanded आणि त्यापुढे 4 pt लिहावे. Replace All दाबले की फक्त मोकळ्या जागा रुंद होतात. अक्षरे जागची हलत नाहीत, शिरोरेखा अखंड राहते आणि प्रत्येक शब्द आपापल्या रेघेखाली वेगळा उभा राहतो. 'बैल भरपूर पाणी' यात तीन शब्द आहेत हे मुलाला वाचण्याआधीच दिसते. शेवटी समास वाढवून एका ओळीत चार-पाच शब्दच येतील असे करावे. आखूड ओळींचा फायदा मॅथ्यू श्नेप्स आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये डिस्लेक्सिया असलेल्या शाळकरी मुलांवर, हातात मावणाऱ्या छोट्या पडद्यावरच्या वाचनात, तपासून दाखवला आहे.

एवढे करूनही शब्दाच्या पोटातली अक्षरे मूल मिसळत असेल, तरच अक्षरांमधले अंतर अर्धा पॉइंट, फार तर एक पॉइंट वाढवून पाहावे. रेघेत बारीक फट दिसेल, म्हणून त्याच वेळी शब्दांमधले अंतर आणखी वाढवावे, नाहीतर शब्द कुठे संपला हेच कळणार नाही. काना, मात्रा, वेलांटी जागेवर आहेत का ते भिंग घेतल्यासारखे पाहावे. अंतर जितके जास्त तितके चांगले असे नसते. एका मर्यादेपलीकडे शब्द विस्कटतो आणि वेग पुन्हा घटतो, हे रोमन लिपीतही दिसून आलेले आहे.

कागद मुलाच्या उपयोगाचा आहे की नाही हे आपल्या मतावर ठरवू नये, मोजावे. सारख्या अवघडपणाचे दोन उतारे घ्यावेत. एक साधा छापलेला, दुसरा नव्या मांडणीचा. एका मिनिटात किती शब्द बरोबर वाचले आणि कोणत्या चुका झाल्या ते लिहून ठेवावे. दुसऱ्या दिवशी क्रम उलटवावा आणि उताऱ्यांची मांडणीही अदलाबदल करावी, म्हणजे सोपा उतारा किंवा ताजेपणा यांचे श्रेय कागदाला जाणार नाही. असे तीन-चार दिवस केले की कल दिसतो. यात चुकांच्या संख्येपेक्षा त्यांची जात महत्त्वाची. ओळ गाळणे, शेजारच्या शब्दाचे अक्षर उचलून या शब्दात बसवणे, ब-व किंवा भ-म यांची अदलाबदल, या चुका नव्या कागदावर घटत असतील तर गर्दी हे खरेच कारण होते.

पण त्याआधी एक छोटी परीक्षा घ्यावी. हीच अक्षरे एकेकटी, मोठ्या आकारात, कोऱ्या कागदावर दाखवावीत. एकटा ब दाखवला तरी मूल व म्हणत असेल, तर तिथे गर्दीचा संबंध नाही, कारण गर्दीला शेजारी लागतात. त्या मुलाला अक्षर आणि ध्वनी यांची जोडी पुन्हा पक्की करून द्यावी लागेल आणि ते काम कागदाच्या मांडणीने होणार नाही. पहिले अक्षर पाहून उरलेला शब्द अंदाजाने ठोकणे, 'विहीर' आणि 'विहार' यांतला फरक कानालाच न जाणवणे, ही लक्षणेही तिकडेच बोट दाखवतात. डिस्लेक्सियाचे मूळ मुख्यतः शब्दातले ध्वनी सुटे करून हाताळण्याच्या अडचणीत आहे, यावर अभ्यासकांचे बऱ्यापैकी एकमत आहे. मोकळा कागद त्या अडचणीवरचे औषध नाही, वाटेतला एक वेगळा अडथळा तो काढतो. आणि या सगळ्याच्या आधी मुलाचे डोळे तपासून घ्यावेत. चष्म्याचा नंबर असलेल्या मुलाला फॉन्टचे प्रयोग करत बसवणे म्हणजे त्याचे वर्ष फुकट घालवणे.

या पद्धतीवर गंभीर आक्षेप येतात. पहिला असा, की परीक्षेत आणि बाहेरच्या जगात असा कागद मिळणार नाही, मग ही सवय कशाला लावायची? त्याला उत्तर असे, की वाचन वाचूनच सुधारते आणि जे मूल प्रत्येक ओळीला ठेचकाळते ते वाचणे टाळू लागते. आज मिनिटाला वीस शब्द वाचणारे मूल या कागदावर पंचवीस वाचू लागले, तर तेवढ्याच वेळात त्याचा सराव जास्त होतो. पुढे आकार २२ वरून २०, मग १८ असा उतरवत आणता येतो, आणि मोजमाप सुरू असल्याने कधी उतरवायचे हेही कळते. दुसरा आक्षेप संकोचाचा आहे: वर्गात एकट्याच्याच हातात मोठ्या अक्षरांचा कागद दिला तर इतर मुले त्याला 'पहिलीचं पुस्तक' म्हणून चिडवतील. हा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. यावर उपाय म्हणजे तोच कागद सगळ्या वर्गाला देणे. त्याने इतरांचे नुकसान होत नाही. स्टीव्हन स्टॅग आणि नॅथॅनिएल किस यांनी २०२१ मध्ये इंग्लंडमध्ये केलेल्या अभ्यासात वाढीव अंतराने डिस्लेक्सिया असलेल्या मुलांचा वेग तेरा टक्के आणि इतरांचाही पाच टक्के वाढलेला आढळला. त्याच अभ्यासात रंगीत पारदर्शक पट्ट्यांचा मात्र काही उपयोग दिसला नाही. तेव्हा त्यांवर पैसे घालवण्याचे कारण नाही.

तिसरा आक्षेप पुराव्याचा आहे आणि तो प्रामाणिकपणे मान्य करायला हवा. वर सांगितलेले अंतराचे अभ्यास रोमन लिपीतले आहेत. १८ पॉइंट, १.८ पट किंवा ४ पॉइंट हे आकडे या पुस्तिकेत आरंभबिंदू म्हणून दिले आहेत. गर्दीचा नियम डोळ्यांचा आहे, लिपीचा नव्हे, म्हणून तो देवनागरीला लागू करणे रास्त आहे. पण नेमके किती अंतर हवे हे मुलागणिक बदलते. म्हणूनच मोजणी वगळून कुणी फक्त आकडे उचलू नयेत. चौथा आक्षेप कागदाच्या खर्चाचा. एका पानाचा मजकूर या मांडणीत दोन ते तीन पाने घेतो हे खरे आहे. परंतु सगळे पुस्तक असे छापायचेच नाही. दिवसाला दहा मिनिटांच्या वाचनाला एक कागद पुरतो.

कागद बदलूनही मूल मागेच राहत असेल तर पुढची तपासणी टाळू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि तिच्या प्रमाणपत्रावर परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळू शकतात. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये तयार केलेली DALI ही तपासणी मराठीतही उपलब्ध आहे. मराठीत वाचायला शिकणाऱ्या मुलाची तपासणी मराठीतच व्हावी असा आग्रह पालकांनी धरावा. इंग्रजी चाचणीवरून त्याच्या मराठी वाचनाचा निवाडा होऊ शकत नाही. त्या तपासणीला जाताना चार दिवसांच्या नोंदींचा कागद बरोबर न्यावा. कोणत्या मांडणीत कोणत्या चुका घटल्या आणि कोणत्या तशाच राहिल्या, ही माहिती तपासणाऱ्याला दुसरीकडून मिळत नाही.

पुढच्या पानांत तीन उतारे दिले आहेत, प्रत्येक साध्या आणि मोकळ्या अशा दोन्ही मांडणींत. शिक्षकांनी आणि पालकांनी ते आधी वापरावेत आणि पुढचे प्रकरण त्यानंतर वाचावे, एवढी विनंती.